पाच गाड्या, एक आवार

माझ्या सासरच्या अंगणात तुळस कोपऱ्यात होती आणि मधोमध ट्रक. लग्न होऊन मी आले त्या दिवशी आमची जीप दारापर्यंत येईना, कारण ट्रक हलवायचा तर किल्ली मामांच्या खिशात आणि मामा पुढे वाजंत्र्यांच्या घोळक्यात नाचत होते. मामा म्हणजे माझे सासरे. शेवटी मी शालू आवरत ट्रकच्या मागच्या चाकाला वळसा घालून घरात शिरले. नणंद कानाशी म्हणाली, "वहिनी, हीच तुमची थोरली जाऊ. हिच्याशी जमवून घ्या." मी हसले खरी, पण त्या ट्रकशी माझं भांडण त्याच दिवशी लागलं असं मी आजही सगळ्यांना सांगते.

मामा पाच गावांच्या वाहतूक सहकारी संस्थेचे चेअरमन. गावं माजलगावच्या कालव्याच्या काठची, म्हणजे उसाची. संस्थेच्या गाड्या पाच आणि संचालकही पाच, प्रत्येक गावातून एक. हंगाम सुरू झाला की गाड्या रोज कारखान्यावर ऊस नेत आणि संध्याकाळी रिकाम्या होऊन एकेका संचालकाच्या दारात मुक्कामाला येत. कुणाला वाटेल हा नुसता मिरवायचा सोस. तसं नव्हतं. ऊस गावातच भरायचा असतो, तेव्हा सकाळी गाडी गावातच हवी. फडावर तोड झाली की तिथल्या तिथे भरून निघता येई. पण सोस अजिबात नव्हता असंही म्हणता येणार नाही. दसऱ्याला पाचही गाड्यांची पूजा त्या त्या घरची बाई करी, समोरच्या काचेवर त्या त्या घरचं कुलदैवत रंगवलेलं असे, आणि गाडी संस्थेची असली तरी लोक 'पाटलाची गाडी', 'सरपंचाची गाडी' असंच म्हणत. सगळ्यांत जुनी गाडी आमच्या दारातली. तिच्यापासूनच संस्था सुरू झाली होती आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं मामांनी ती स्वतः चालवली होती.

मी अंबाजोगाईला कॉमर्स शिकले आणि लग्नाआधी एका साखर कारखान्याच्या ऊस वाहतुकीच्या कचेरीत बसायचे. कुठली गाडी कधी येते, यार्डात किती वेळ ताटकळते, कुठली वाटेत बसते, हे बघणं हेच माझं काम होतं आणि मला त्याचं वेड लागलं होतं. संस्थेचे सचिव पुण्याला मुलाकडे निघून गेले तेव्हा मामांनी जेवताना सहज विचारलं, की तात्पुरतं बघशील का. मी घास तोंडात असतानाच हो म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, हिला साडी आणली तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता.

मग दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी लोकांनी उसाच्या मुळ्या तरी जगवल्या, दुसऱ्या वर्षी तेही गेलं. धरणाचं पाणी मागे मागे सरकत गेलं, कालव्यात पोरं क्रिकेट खेळू लागली आणि कारखान्याचं धुराडं त्या हंगामात पेटलंच नाही. पाच गाड्या पाच दारांत उभ्या राहिल्या. उभ्या गाडीचे टायरही खराब होतात आणि बॅटरीही उतरते, विमा आणि कर तर चुकतच नाही. ड्रायव्हर लोक रोज यायचे, गाडी पुसायचे, चहा पिऊन जायचे. खेप नाही तर पैसे नाहीत, अशी त्यांची रीत होती.

तेव्हा पाणीटंचाईचं काम निघालं. धरणाच्या पाण्यावर टँकर भरायचे आणि धारूरच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांना पोचवायचे. मामांनी आणि इतरांनी धावपळ करून संस्थेला ते मिळवलं. पाचही गाड्यांवर लोखंडी टाक्या चढल्या, मोजमाप होऊन पास झाल्या. मला तर त्या दिवशी नाचावंसं वाटत होतं. गाड्या पुन्हा चालणार, ड्रायव्हरांच्या घरी पुन्हा चूल नीट पेटणार, आणि ज्यांच्या हंड्यात थेंब नाही त्यांच्याकडे आमचं पाणी जाणार. यापेक्षा चांगलं काम कुठलं असतं ते मला अजूनही सांगता येणार नाही.

महिना गेला नाही तोच सगळ्याची माती व्हायला लागली. रोज एखादी गाडी वाटेत बसायची. आज स्प्रिंगचा पाटा तुटला, उद्या ब्रेक धरेना, परवा रेडिएटर उकळला. पाच गाड्यांनी रोज प्रत्येकी तीन अशा पंधरा खेपा करायच्या ठरल्या होत्या, त्या कधीच पुऱ्या होत नव्हत्या. डोंगरावरच्या बायका पंचायत समितीत जाऊन बसल्या. बरोबरच होतं त्यांचं. तिथल्या साहेबांनी मामांना बोलावून सांगितलं, सोमवारपासून आठ दिवस बघतो, एक जरी खेप चुकली तरी काम बाहेरच्या ठेकेदाराला देतो. म्हणजे गाड्या परत दारात, आणि या वेळी कायमच्या, कारण इतका खर्च करून बसलेली संस्था पुन्हा उठली नसती.

संचालकांची बैठक आमच्याच ओसरीवर झाली. सगळ्यांचा एकच निष्कर्ष, ड्रायव्हर डिझेल काढून विकतात. डिझेल एवढं लागतंच कसं? ड्रायव्हर बदला, झाकणांना कुलपं लावा. ड्रायव्हर खाली अंगणात उभे होते आणि सगळं ऐकत होते. माझं डोकंच फिरलं. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, की उद्या मी गाडीत बसते, दिवसभर, मग बोलू. एका संचालकांनी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, बसू द्या, एकदा उन्हात भाजली की गप बसंल.

दुसऱ्या दिवशी मी आमच्याच दारातल्या गाडीत बसले. तिचा ड्रायव्हर पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. केबिनमध्ये इतकी उष्णता की इंजिनाच्या झाकणावर पोळी भाजली असती. पण मजा काय वर्णावी! इतकी उंच बसून मी आमचं गाव पहिल्यांदाच बघत होते. निघालो तेव्हा डिझेलची टाकी फुल करून घेतली होती, किलोमीटरच्या काट्याचा आकडा मी हातावरच लिहून ठेवला. गावातून धरणापर्यंत आम्ही रिकामेच गेलो. तिथे पोचलो तर पुढे रांग. नंबर लागेपर्यंत ऊन वर आलं. मग भरलेली गाडी घेऊन घाट, वर गाव, पाणी पोचल्याची बायकांची सही, खाली येणं, पुन्हा रांग. तिसरी खेप संपली तेव्हा अंधारत आलं होतं आणि तिथून आम्ही पुन्हा रिकामे, धरणावरून पुढे, थेट घराकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी सीटवर उडीच मारली. ऊस गावातून भरायचा होता म्हणून गाडी गावात मुक्कामाला येत होती. पाणी तर धरणातून भरायचं होतं! मग ही बया रोज रात्री आमच्या दारात झोपायला कशाला येते?

घरी पोचण्याआधी पंपावर पुन्हा टाकी फुल केली. किती डिझेल मावलं आणि गाडी किती चालली, दोन्ही समोर होतं. डिझेल कुणीही काढलेलं नव्हतं. ते पाचही गाड्यांच्या या रिकाम्या येण्याजाण्यात जळत होतं, आणि शिवाय गाड्या रांगेत शेवटी लागत होत्या, कारण बाकीचे टँकर धरणापाशीच मुक्काम करत.

उतरताना मी ड्रायव्हरला विचारलं, की घाटात ब्रेक दोनदा दाबावा लागत होता, तुम्ही मिस्त्रीला का सांगितलं नाही. तो आधी बोलेना. मग म्हणाला, "ताई, गाडी मिस्त्रीकडं गेली की माझी खेप बुडती. खेप बुडली की घरी काय नेऊ? मंग रेटायचं, जोवर रेटतंय तोवर." मला एकदम सगळं लख्ख दिसलं. आमच्या गाड्या मोडत होत्या त्या नुसत्या जुन्या म्हणून नाहीत. बिघाड सांगणाऱ्याचेच पैसे बुडत होते, म्हणून प्रत्येक बारीक दुखणं मोठं होईपर्यंत लपवलं जात होतं.

त्या रात्री मला झोप कसली येते. नवरा म्हणाला, निदान दिवा तरी बंद कर. मी अंधारात बोलत राहिले. सकाळपर्यंत योजना तयार होती, आणि मी ती संचालकांपुढे कशी मांडली ते आठवलं की मला माझंच कौतुक वाटतं. 

मी म्हटलं, पाच गाड्या रस्त्यावर काढू नका, चार काढा. पाचवी रोज थांबवा, पाळीपाळीने. थांबलेल्या गाडीचं त्या दिवशी ग्रीस, ऑईल, पाटे, ब्रेक, टायरची हवा, सगळं मिस्त्री बघेल, आणि सकाळीच काम आटोपून ती तयार उभी राहील. बाहेर कुणी अडलं की ती धावेल. पाचही गाड्या धरणाजवळच्या एका आवारात मुक्कामाला राहतील, म्हणजे पहाटे रांगेत आपणच पहिले. मग रस्त्यावरच्या चार गाड्यांच्या प्रत्येकी चार खेपा होतात. चार चोक सोळा. लागतात पंधरा, एक हातात उरते. डिझेल एकाच पंपावर, दर वेळी टाकी फुल करून, म्हणजे कुठल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज उतरतंय ते लगेच कळेल आणि ड्रायव्हरवर आळ घ्यायची गरज उरणार नाही. ड्रायव्हरांना महिन्याचा ठरलेला पगार, वर खेपेचा भत्ता, आणि गाडी दुरुस्तीला थांबली त्या दिवशीही भत्ता. थांबलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला त्या दिवशी सुटी, म्हणून ती गाडी काढायला एक सहावा ड्रायव्हर ठेवा. आणि दर किलोमीटरमागे थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाका, त्याला हात लावायचा नाही, त्यातून सगळ्यात जुनी गाडी बदलायची.

सगळ्यात जुनी गाडी मामांच्या पाठीमागे, अंगणात उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग जे काही झालं! एक म्हणाले, पाच गाड्या असून चार चालवायच्या, ही कुठली शहाणपणाची गोष्ट. दुसरे म्हणाले, उभ्या गाडीचा भत्ता देणं म्हणजे ड्रायव्हरांना जावई करून घेणं. पण खरं पोटात दुखत होतं ते आवाराचं. दारातली गाडी गेली तर गावात तोंड कसं दाखवायचं? एकांनी तर सांगितलं, की त्यांच्या मुलीची सोयरीक चालली आहे आणि पाहुणे बघायला येणार आहेत, तेव्हा तेवढे दिवस तरी गाडी दारात हवी. मी म्हटलं, पाहुण्यांना आवारात आणा, पाच गाड्या एकदम दाखवू. त्यावर सगळे हसले आणि तिथेच अर्धी लढाई मी जिंकले असं मला वाटतं.

 मामांनी साहेबांचे शब्द सगळ्यांना पुन्हा ऐकवले आणि म्हणाले, आठ दिवस हिच्या म्हणण्यानं चालवू. पण दोन गोष्टी त्यांनी काढून टाकल्या. सहावा ड्रायव्हर नको, उभ्या गाडीला माणूस कशाला. आणि जुनी गाडी बदलायचं बोलायचं नाही. ती आवारात जाईल, पण विकली जाणार नाही, आणि थांबायच्या पाळीला तिची किल्ली त्यांच्याकडे राहील. मिस्त्रीने त्या दिवशी त्यांच्याकडून मागून न्यावी. मी तावातावाने उठून स्वयंपाकघरात गेले आणि पिठावर राग काढला. सासूबाईंनी भाकऱ्या बघितल्या आणि म्हणाल्या, आज मांडे जमलेत.

आवार म्हणजे धरणाच्या वाटेवरची एका आडत्याची पडून असलेली जागा, एक पत्र्याची शेड आणि चार लिंबाची झाडं. मिस्त्री तिथेच खाट टाकून राहिला. पहिल्या पहाटे चारही गाड्या एकामागोमाग निघाल्या तेव्हा मी तिथे होते. भरण्याच्या नळाशी आम्ही पहिले! दुपारी एकेकीची तिसरी खेप झाली होती, जी आधी दिवस मावळताना होत असे. मी मोबाईलवर मामांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, बहिरा न्हाई मी. पण आवाजावरून कळत होतं की खूश आहेत.

पहिले काही दिवस एकही खेप चुकली नाही. ड्रायव्हर गाडी थांबायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीला स्वतःहून सांगू लागले, की डाव्या अंगाला आवाज येतो, की गियर जड पडतो. दुरुस्त्या वाढल्या असं वरून दिसत होतं. पण त्या सगळ्या आवारातल्या, सावलीतल्या आणि स्वस्तातल्या होत्या. वाटेत एकही गाडी बसली नाही.

मग तो दिवस आला. आमच्या घरच्या गाडीची थांबायची पाळी होती. मिस्त्रीने सकाळीच तिचं ग्रीसिंग उरकलं आणि किल्ली मामांना परत दिली. तिचा ड्रायव्हर भाचीच्या लग्नाला परळीला गेला. सुटी त्याच्या हक्काची होती. दोन संचालक आणि मामा आवारात आले होते, उभी गाडी बघायला. एक संचालक टायरवर हात मारत म्हणाले, बघा, चालतं जनावर दावणीला बांधलंय. तेवढ्यात माझा फोन वाजला. घाटाच्या पायथ्याहून एका ड्रायव्हरचा होता, वयाने सगळ्यात लहान असलेल्याचा. क्लच घसरत होता. इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, जळकट वास येतोय. भरलेली गाडी घेऊन तो खालीच थांबला होता.

संचालक म्हणाले, त्याला म्हणावं एवढी खेप टाक आणि मग ये. मी फोन त्यांच्यापुढे धरला. तो पोरगा पलीकडून म्हणाला, "साहेब, चढवली तर घाटात मधीच बसंल. मागं घरंगळली तर मी, गाडी अन् पाणी, समदंच जाईल. मागच्या महिन्यात असतो तर चढवली असती. आता थांबलो, कारण ताईनं सांगितलंय भत्ता कापणार न्हाई."

 वरच्या गावाची दुपारची खेप होती ती, आणि साहेबांच्या आठ दिवसांतले दोन अजून बाकी होते. गाडी तयार उभी होती. ग्रीस केलेली, हवा भरलेली, टाकी पास झालेली, डिझेल फुल. फक्त चालवायला माणूस नव्हता. बाकीचे तीन ड्रायव्हर आपापल्या वाटांवर होते. मिस्त्री गाड्या उघडायचा, पण जड गाडीचं लायसन्स त्याच्याकडे नव्हतं. सहावा ड्रायव्हर ज्यांनी काढून टाकला होता त्यांच्याकडे मी बघितलं. माझ्या तोंडात आलेलं मी कसं गिळलं ते माझं मला ठाऊक.

मामांनी खिशातून किल्ली काढली. आमच्या घरात त्यांच्या लायसन्सवरून नेहमी चेष्टा चाले. गाडी सोडून इतकी वर्षं झाली तरी मुदत संपत आली की ते बीडला जाऊन नेमाने नवं करून आणत. कशाला, असं विचारलं की म्हणत, असू द्या. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, उपरणं डोक्याला बांधलं आणि धोतर खोचून केबिनमध्ये चढले. मीही दुसऱ्या दाराने चढले. त्यांनी 'उतर' म्हटलं नाही.

भरण्याच्या नळावर त्यांना ओळखणाऱ्यांनी वाट करून दिली. आम्ही भरून निघालो. मामा सुरुवातीला गाणं गुणगुणत होते. मला सांगत होते, ही गाडी कशी उसाचा डोंगर ओढायची, कुठल्या वळणावर कसा गियर टाकायचा. पायथ्याशी तो पोरगा गाडीच्या चाकाला दगड लावून सावलीत उभा होता. मामांनी गाडी हळू केली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा खिडकीतून हात हलवला आणि घाटाला लागले.

पहिल्या वळणावर दुसरा गियर निसटला. मामांनी तो पुन्हा टाकला आणि चढ संपेपर्यंत दांडा हाताने दाबून धरला. त्यांच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. गाणं थांबलं होतं. मी देवाचं नाव घेत बसले. वरच्या वळणापाशी त्यांनी दात ओठ खात गाडी काढली आणि मग सपाटी आली, आणि पुढे गाव आणि विहिरीभोवती हंड्यांची रांग दिसली. मला रडू आलं, आनंदानेच. बायकांनी पाइप ओढला, पाणी विहिरीत कोसळू लागलं. एक म्हातारी मामांना म्हणाली, की नेहमीचा पोरगा कुठं हाय, तुमी नवे दिसता. मामा म्हणाले, "नवाच हाय मी. आजच लागलो." सही मात्र त्यांनी तिच्याकडून मागून घेतली, अगदी ड्रायव्हरासारखी.

उतरताना गाडी रिकामी होती तरी ब्रेक धरेना. मिस्त्रीने सकाळी ब्रेक बघितले होते, त्याची काही चूक नव्हती. तो ते कितीही वेळा बसवो, घाटाला लागलं की गाडी पुन्हा तिथेच येई. ब्रेक दोनदा दाबायचा, पहिल्या गियरात उतरायचं, आणि तरी प्रत्येक वळणावर श्वास अडकायचा. दरी माझ्या बाजूला होती. खाली सपाट रस्ता लागल्यावर मामांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.  मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा माणूस रोज असा उतरतो व्हय? माझ्या गाडीत? अन् मी त्याला डिझेलचोर म्हणत होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "हिला विका. मीच सांगतो संचालकांना. सहावा ड्रायव्हर बी घ्या."

मी टोपी त्यांच्या हातात दिली. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी जे वाटलं ते मी कधी त्यांना सांगू शकले नाही, म्हणून इथे सांगते. माझ्या वडिलांनंतर इतका अभिमान मला कुणाचा वाटला नव्हता.

काम आमच्याकडेच राहिलं. तो पूर्ण उन्हाळा आम्ही पाणी पोचवलं आणि पुढे पुन्हा ऊस उभा राहिल्यावर संस्थेने एक नवीनच रीत पाडली. उसाच्या हंगामात गाड्या गावात, पाण्याच्या नाहीतर राखेच्या कामावर असल्या की त्या कामाजवळच्या आवारात. माल जिथून भरायचा तिथे मुक्काम. परळीच्या औष्णिक केंद्राची राख वीटभट्ट्यांना नेण्याचं काम पुढे त्याच जोरावर मिळालं. किलोमीटरमागचे पैसे ठरल्याप्रमाणे वेगळे पडत गेले आणि जुनी गाडी विकून आलेली रक्कम त्यात घालून नवी गाडी बुक झाली.

नवी गाडी आली त्या सकाळी अख्खं गाव आमच्या दारात. अंगणातली मधली जागा इतके दिवस रिकामी होती, सासूबाईंनी ती शेणाने सारवून रांगोळी काढली होती. ताटात नारळ, कुंकू, लिंबू. मला वाटलं, एका सकाळपुरती येऊ दे, काय बिघडतं. मी तर लहान मुलीसारखी फाटकावर चढून वाट बघत होते. लांबून हॉर्न ऐकू आला. चकचकीत, कोरी गाडी वळणावरून आली. चालवत होता तोच पन्नाशीचा, कमी बोलणारा ड्रायव्हर. सवयीने त्याने वेग कमी करून गाडी आमच्या अंगणाकडे वळवली.

मामा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि हात वर केला. गाडी थांबली. ते खिडकीशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इकडं कावून? पुढं घे. राखेची खेप थांबलीय. हिचं घर आवारात हाय."

ड्रायव्हरने क्षणभर मामांकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली. लोक चुळबुळले. सासूबाई ताट हातात घेऊन तशाच उभ्या होत्या, मला वाटलं आता चिडणार. त्यांनी ताटावर पदर टाकला, पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "बघतीस काय? चल लवकर, ती पुढं गेली."

आम्ही शेजाऱ्याचा टेम्पो थांबवला, मामांना पुढे बसवलं आणि नारळ सांभाळत गाडीच्या मागोमाग आवाराकडे निघालो.